कोऱ्या उत्तरपत्रिकेला 150 पैकी 150

24 नोव्हेंबर 2024, रविवार. आदल्या दिवशी विधानसभेची मतमोजणी झालेली, आमच्यातले निम्मे जण निवडणूक ड्युटीतून नुकते सुटलेले. तशाच डोळ्यांनी आम्ही आठवीच्या शिष्यवृत्ती सराव परीक्षेच्या बैठकीला बसलो. तीन तालुके, सुमारे 2,600 मुलं, प्रत्येकी दोन पेपर, म्हणजे 5,200 उत्तरपत्रिका. आतापर्यंत खिडक्या पाडलेला पुठ्ठा उत्तरपत्रिकेवर ठेवून शिक्षकच तपासायचे आणि निकालाला तीन आठवडे लागायचे. या वेळी ओएमआर करायचं ठरलं, म्हणजे मुलांनी रंगवलेले गोल स्कॅन करून संगणकानेच वाचायचे. छपाई आणि स्कॅनिंग मिळून एका एजन्सीने पत्रिकेमागे 9 रुपये सांगितले. आमची फी मुलामागे 20 रुपये, त्यातच प्रश्नपत्रिका छापायच्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण शाळेत संगणकाचं काही बिघडलं की मलाच हाक मारतात.

हे लिहितोय ते अशाच एखाद्या बैठकीत मान हलवून बसलेल्यासाठी. उत्तरपत्रिकेची आखणी आणि उत्तरसूची ही दोनच कामं माझ्याकडे होती. ती वेगवेगळी आहेत असं मला तेव्हा वाटत होतं.

आठवीच्या परीक्षेची एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण पुढचे निम्मे घोळ तिच्यातून आले. पेपरमध्ये 75 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण, वेळ दीड तास. पण 20 टक्क्यांपर्यंत प्रश्नांना चारपैकी दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही गोल रंगवले तरच गुण मिळतात. आम्ही तसे बरोबर 15 प्रश्न ठेवले होते. बहुतेक तयार ओएमआर पद्धतींमध्ये एका प्रश्नाला दोन गोल दिसले की उत्तर बाद होतं, किंवा जो गोल जास्त काळा तो धरला जातो. आमच्याकडे दोन्ही चालणार नव्हतं. प्रत्येक गोल स्वतंत्रपणे 'भरला' की 'नाही भरला' एवढंच ठरवायचं, आणि बरोबर-चूक नंतर.

पहिला आराखडा मी एका रात्रीत काढला. ए-फोर कागद, 15 प्रश्नांचे पाच रकाने. दिसायला छान, आटोपशीर. दुसऱ्या दिवशी आमच्या गणिताच्या बाईंनी पाहिला आणि विचारलं, "सर, भाषा कुठे संपते आणि गणित कुठे सुरू होतं?" पहिल्या पेपरात प्रथम भाषेचे 25 आणि गणिताचे 50 प्रश्न, दुसऱ्यात इंग्रजीचे 25 आणि बुद्धिमत्तेचे 50. म्हणजे 25 प्रश्नांचे तीन रकाने केले की पहिला रकाना भाषेचा आणि उरलेले दोन दुसऱ्या विषयाचे. एखादं पोर एक ओळ घसरलं, तरी ती घसरण रकान्याच्या तळाशी त्याच्या लक्षात येते. मी निमूटपणे पुन्हा आखलं. गोल 5 मिलिमीटरचे, दोन ओळींत 7 मिलिमीटर अंतर, म्हणजे 25 ओळींना 175 मिलिमीटर. उरलेल्या जागेत वर बैठक क्रमांकाचे सहा उभे रकाने, प्रश्नपत्रिकेच्या संचाचे चार गोल आणि सूचना. दर पाच प्रश्नांनंतर एक फिकट आडवी रेघ. घसरण थांबवायला त्या रेघेइतका दुसरा उपाय मला सापडला नाही.

चार कोपऱ्यांत 7 मिलिमीटरचे भरीव काळे चौकोन. वाचणारं सॉफ्टवेअर (एक मोफत मिळणारं घेतलं होतं) आधी हे चौकोन शोधतं आणि त्यांच्यापासूनची अंतरं धरून प्रत्येक गोलाची जागा ठरवतं. कागदाच्या कडेवरून कधीच मोजायचं नाही, कारण छापखान्यात गठ्ठा कटिंगला लागला की वरच्या आणि खालच्या कागदात एखाद-दोन मिलिमीटरचा फरक पडतोच. चौकोन कडेपासून 12 मिलिमीटर आत घेतले. कडेला अगदी लागून ठेवलेला चौकोन कधी कापला जातो, कधी मशीनच्या पकडीत अर्धवट छापला जातो. उजवीकडचा खालचा चौकोन मुद्दाम निम्म्या आकाराचा केला. चारही सारखे असते, तर उलटा टाकलेला कागदही सॉफ्टवेअरने बिनतक्रार वाचला असता, आणि पोराला खालून वर गुण मिळाले असते.

7 डिसेंबरला, शनिवारच्या सकाळच्या शाळेत, चाळीस मुलांवर चाचणी घेतली. साध्या प्रिंटरवर काढलेल्या प्रती, निळे-काळे बॉलपेन. त्या दिवशी जेवढं शिकलो तेवढं पुढच्या महिनाभरात नाही. सॉफ्टवेअर प्रत्येक गोलाचा किती भाग काळा आहे ते टक्क्यांत सांगतं. भरलेले गोल 65 च्या वर होते, ते ठीक. पण कोरे गोल सारखे नव्हते. बैठक क्रमांकातला 1 चा कोरा गोल 14 टक्के आणि 8 चा कोरा गोल 27 टक्के काळा! कारण गोलाच्या आतला अंक मी गडद काळ्या रंगात छापला होता आणि 8 ला 1 पेक्षा शाई जास्त लागते. पोराचं पेन नुसतं टेकलं तरी 8 'भरला' ठरायची भीती. अंक गुलाबी छापावेत तर दोन रंगांची छपाई, खर्च जवळपास दीडपट. शेवटी अंक आणि गोलाची कड दोन्ही फिकट करड्या छटेत घेतली. मग कोरे गोल सगळे 12 ते 18 मध्ये आले.

सीमारेषा कुठे ठरवायची, हे या चाळीस पत्रिकांवरूनच ठरलं. 30 च्या खाली कोरा, 55 च्या वर भरलेला, आणि मधलं सगळं माणसाने डोळ्याने पाहायचं. एकच आकडा ठरवून मोकळं होण्याचा मोह होतो, पण बरोबरची खूण करणारी, अर्धा गोल भरणारी, भरून नंतर काट मारणारी मुलं या मधल्या पट्ट्यातच सापडतात.

बैठक क्रमांक मात्र चाळीसपैकी सात जणांनी चुकवला. काहींनी वर अंक लिहिले आणि खाली गोल भरलेच नाहीत, दोघांनी आडवे भरले. म्हणून वरच्या चौकटीत अंक लिहायचा आणि त्याखाली गोल, अशी एक भरलेली नमुना पट्टी सूचनेत छापली. क्रमांक 1 पासून सुरू होतील असे दिले, कारण 0 ने सुरू होणारा क्रमांक स्प्रेडशीटमध्ये उघडला की शून्य गळून जातं आणि सहा आकड्यांचे पाच होतात.

16 डिसेंबरला छापखान्यात गेलो. 6,000 प्रती, 100 जीएसएम कागद, एकरंगी ऑफसेट, पत्रिकेमागे 1 रुपया 80 पैसे, म्हणजे 10,800 रुपये. झेरॉक्स स्वस्त पडली असती, पण तिच्यात करडी छटा टिकत नाही. शिवाय पातळ कागद स्कॅनरमध्ये दोन-दोन एकदम ओढले जातात. दोन दिवसांनी प्रूफ आलं. डीटीपी करणाऱ्या दादांनी कौतुकाने सांगितलं, "सर, तुमचा तिसरा रकाना कडेला फार चिकटला होता, जरा आत घेतलाय. आता बघा कसं नीट दिसतंय." मी पट्टी काढून मोजलं. रकाना 3 मिलिमीटर सरकला होता आणि गोल 5 मिलिमीटरचा. सॉफ्टवेअरने गोलाच्या जागी गोल आणि कोरा कागद अर्धा-अर्धा वाचला असता. गंमत म्हणजे अख्खं पान थोडं लहान छापलं असतं तरी चाललं असतं, कारण चौकोनही सोबत आत आले असते. एकट्या रकान्याचं सरकणं मात्र घातक. म्हणून सांगतो, छापखान्यात पट्टी घेऊन जा. आमच्या आराखड्यात चौकोनांच्या मध्यापासून मध्यापर्यंत आडवं अंतर 179 आणि उभं 266 मिलिमीटर होतं, आणि प्रत्येक रकान्याच्या पहिल्या गोलाचं डाव्या चौकोनापासूनचं अंतर मी वहीत लिहून नेलं होतं. फाइल पीडीएफमध्येच द्या आणि 'यातलं काही हलवायचं नाही' असं प्रूफवर सही करताना लिहा. फाइल पुन्हा उघडून जुन्या फाँटमध्ये बसवायची त्यांची सवय चांगल्या हेतूचीच असते.

उत्तरसूचीला नाताळच्या सुट्टीत हात घातला. प्रश्नपत्रिकेचे अ, ब, क, ड असे चार संच. प्रश्न तेच, क्रम वेगळा, पर्यायांचा क्रम मात्र सगळीकडे तोच. क्रम बदलताना दोन बंधनं पाळली. प्रश्न आपला विभाग सोडून जाणार नाही, आणि उताऱ्यावरचे प्रश्न उताऱ्यासोबतच राहतील. पहिल्या वेळी संगणकाने सरसकट पिसले तेव्हा उतारा पान 2 वर आणि त्यातला एक प्रश्न पान 5 वर गेला होता.

एका फाइलमध्ये मूळ प्रश्न आणि त्याचं उत्तर, दुसरीत कोणत्या संचात तो कितव्या क्रमांकावर आहे. उत्तर लिहायची पद्धत मी अशी ठरवली: `3` म्हणजे फक्त तिसरा, `24` म्हणजे दुसरा आणि चौथा दोन्ही हवेत, आणि आक्षेपानंतर दोनपैकी कोणतंही एक मान्य करायची वेळ आली तर `2/4`. ही शेवटची खूण मी दिली आणि फाइल पुन्हा उघडली तर तिथे 2 एप्रिल! स्प्रेडशीटने ती तारीख समजून बदलून टाकली होती. तिरकी रेघ काढून `2|4` केलं आणि तो रकाना आधीच मजकूर प्रकारचा करून ठेवला.

गुण देणारी ओळ मीच पायथन या संगणकीय भाषेत लिहिली, आणि शीर्षकातला प्रकार तिच्यामुळेच झाला. खरा पेपर सुरू होण्याआधी प्रत्येक संचासाठी तीन पत्रिका हाताने भरून स्कॅन करायच्या, असं मी ठरवलं होतं. एक सूचीप्रमाणे पूर्ण बरोबर, एक कोरी, आणि एक सगळीकडे 1 भरलेली. 4 जानेवारीच्या रात्री पहिलीला 150 मिळाले. मी खूश. कोरीलाही 150 मिळाले.

सगळीकडे 1 असलेल्या पत्रिकेला संच अ मध्ये 46. सूचीत नुसतं 1 हे उत्तर असलेले प्रश्न 16, म्हणजे 32 गुण अपेक्षित. जास्तीचे 14 कुठून आले? दोन उत्तरांच्या 15 प्रश्नांपैकी सातांमध्ये 1 हा एक पर्याय होता. सात दुणे चौदा. मग ओळ पुन्हा वाचली. मी लिहिलं होतं `uttar in key`, म्हणजे उत्तर सूचीतल्या मजकुरात कुठेही सापडलं की गुण. `1` हे `13` मध्ये सापडतं, म्हणून अर्ध्या उत्तराला पूर्ण गुण. आणि पायथनच्या हिशेबी रिकामा मजकूर प्रत्येक मजकुरात असतोच, म्हणून कोऱ्याला पैकीच्या पैकी. दुरुस्त ओळी अशा:

```python
def gun(uttar, key):
    if key == "*":
        return 2
    return 2 if uttar in key.split("|") else 0
```

आता सूची आधी उभ्या रेघेवर तुटते आणि प्रत्येक तुकड्याशी पूर्ण उत्तर जुळवलं जातं. `*` ही रद्द प्रश्नासाठी, सगळ्यांना गुण. पुन्हा चालवलं: 150, 0, 32. नुसती बरोबर पत्रिका तपासून थांबलो असतो तर ही चूक निकालाच्या दिवशीच कळली असती.

12 जानेवारी, रविवार. परीक्षा अकरा केंद्रांवर शांतपणे झाली, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. संध्याकाळी गठ्ठे आले. स्कॅनर दिवसाला 1,500 रुपये भाड्याने, मिनिटाला 25 कागद ओढणारा. 200 डीपीआय, करड्या छटेत. या घनतेला 5 मिलिमीटरचा गोल साधारण 39 पिक्सेल रुंद येतो, तेवढं पुरतं. हिशेबाने साडेतीन तासांचं काम, प्रत्यक्षात दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी, 14 तारखेला, संक्रांतीचे तिळगूळ खात असताना शेजारच्या सरांनी विचारलं, "हे मधल्या रकान्यातले 3 चे गोलच सारखे तपासायला का येताहेत?" खरंच, डोळ्याने पाहायच्या यादीत ओळीने साठेक पत्रिका, सगळ्यांत तोच रकाना आणि तोच पर्याय. स्कॅनरच्या काचेवर शाईचा एक कण चिकटला होता. कागद सरकतो आणि काच स्थिर, त्यामुळे कणाची प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत उभी रेघ उमटते. ती 3 च्या गोलांतून गेली आणि कोऱ्या गोलांचा काळेपणा 30 च्या वर चढला. काच पुसून तो गठ्ठा पुन्हा काढला. त्यानंतर दर 200 पत्रिकांनी काच पुसायची आणि एक कोरा कागद स्कॅन करून बघायचा.

संचाचा गोल 58 पत्रिकांवर कोराच होता. म्हणून प्रत्येक पत्रिका मी चारही सूच्यांनी तपासली. चुकीच्या सूचीने तपासलं की गुण नशिबावर येतात, एकाच उत्तराच्या प्रश्नांत जेमतेम पाव जुळतात. खऱ्या संचात मात्र अभ्यास केलेल्या पोराचे गुण एकदम वर जातात. याच युक्तीने संच चुकीचा भरलेल्या आणखी 31 पत्रिका सापडल्या. पण फक्त गुणांवरून संच बदलला नाही. बाकावर संच अ-ब-क-ड याच क्रमाने वाटले होते, त्यामुळे मागच्या-पुढच्या क्रमांकाचे संच पाहून खात्री केली. अगदी कमी गुणांच्या चार मुलांबाबत चारही सूच्या सारखंच सांगत होत्या, तिथे केंद्रावरची नोंद मागवली.

निकाल लावायच्या आधी एक काम केलं, ते मात्र कुणी सोडू नये. प्रत्येक संचातल्या सर्वाधिक गुणांच्या 50 पत्रिका घेतल्या आणि प्रत्येक प्रश्नाला त्यातल्या किती जणांचं उत्तर सूचीशी जुळतं ते मोजलं. हुशार मुलं एखाद्या प्रश्नाला एकमताने 'चुकत' असतील तर बहुधा सूचीच चुकलेली असते. पहिल्या पेपराच्या संच क मध्ये प्रश्न 41 ते 45 सलग पडले, पन्नासात दहा-बारा जणच बरोबर. तेच मूळ प्रश्न बाकी तीन संचांत ठीक होते. म्हणजे उत्तर बरोबर, जागा चुकलेली. छापील पुस्तिका उघडली. आकृतीचा 41 वा प्रश्न पानाच्या तळाशी मावेना म्हणून छपाईच्या वेळी तो पुढच्या पानावर 45 वा झाला होता आणि मधले चार एकेक घर वर सरकले होते. आमच्या दोन शिक्षकांनी सूची पडताळली होती, पण फक्त संच अ च्या पुस्तिकेवरून. माझ्या त्या तीन पत्रिकांनाही ही चूक दिसणं शक्य नव्हतं, कारण त्या सूचीवरूनच भरल्या होत्या. त्यांनी माझा कोड तपासला, उत्तरं नाही. पाच ओळी बदलल्या आणि संच क मधल्या मुलांचे 10 पर्यंत गुण वाढले. चारही छापील पुस्तिका कोऱ्या सोडवून घ्यायला हव्या होत्या.

दुसरा पडलेला प्रश्न चारही संचांत पडला, म्हणजे दोष मुळातच. प्रश्न होता: 72 चे विभाजक असलेल्या पूर्ण वर्ग संख्या कोणत्या? दोन पर्याय निवडा. पर्याय 9, 16, 36, 4. सूचीत `13`, म्हणजे 9 आणि 36. पण 4 ने 72 ला भाग जातो आणि 4 हाही पूर्ण वर्ग. प्रश्न काढणाऱ्या सरांच्या हस्तलिखितात चौथा पर्याय 14 होता, टायपिंगमध्ये एक गळाला. वरच्या मुलांपैकी काहींनी 9 आणि 36 भरले, काहींनी 36 आणि 4, काहींनी 9 आणि 4, आणि थोड्या जणांनी तिन्ही.

अंतरिम सूची आम्ही 13 तारखेच्या संध्याकाळीच पालकांच्या ग्रुपवर टाकली होती आणि 16 पर्यंत आक्षेप मागवले होते. खरी परीक्षा घेणारी परीक्षा परिषदही अंतरिम आणि अंतिम अशा दोन सूच्या काढते, तोच रिवाज. 23 आक्षेप आले, त्यातले 19 याच प्रश्नाचे. रद्द करावा असं काहींचं म्हणणं. मी विरोधात होतो, कारण रद्द केला की 16 भरणाऱ्यालाही गुण. तासभर वाद झाला. शेवटी सूचीत `13|14|34` लिहिलं. तिन्ही भरणाऱ्यांना गुण द्यायचे का, यावर मात्र माझं चाललं नाही. 'दोन निवडा' असं स्पष्ट लिहिलेलं होतं, असं बहुमताचं म्हणणं. मला अजूनही वाटतं की त्या मुलांचं गणित सगळ्यात बरोबर होतं आणि `134` ही जोडायला हवं होतं.

20 जानेवारीला निकाल लागला. छपाई, स्कॅनर, स्टेशनरी आणि गठ्ठे आणायचं डिझेल मिळून 16,400 रुपये खर्च झाला. उरलेल्या आठशे पत्रिका शाळांना वाटल्या. खऱ्या परीक्षेआधी मुलांना गोल भरायचा सराव हवाच होता. छापखान्याच्या दादांनी परवा फोन करून विचारलं, पुढच्या वर्षी प्रत्येक पत्रिकेवर बैठक क्रमांक छापूनच देऊ का. पत्रिकेमागे 60 पैसे जास्त. मी हो म्हणून टाकलंय, आणि तिसऱ्या रकान्याची आठवणही करून दिलीय.